सीव्हीत तांब्याची ओळ हवीच

*ताई, मी २०२१ साली पुणे विद्यापीठातून अॅनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. जानेवारी २०२२ पासून अंबरनाथच्या एका औषध कंपनीत एडीएलला, म्हणजे अॅनालिटिकल डेव्हलपमेंट लॅबमध्ये आहे. आता पीएच.डी. करायची आहे, इथे किंवा जर्मनीत. माझा एक पानी रेझ्युमे अकरा प्राध्यापकांना पाठवला. दहा जणांचं काहीच उत्तर नाही, एकांनी एवढंच लिहिलं, ‘अॅकॅडमिक सीव्ही पाठवा.’ मैत्रीण म्हणते, तोच रेझ्युमे चार पानांचा कर. एम.एस्सी.च्या कामावर एक पेपर आहे, पण तो पैसे भरून छापलेला. दुसरा सरांबरोबर लिहून झालाय. काय ठेवू, काय काढू? रेझ्युमे सोबत जोडलाय.*
*— एक वाचक, बदलापूर*

तुमचा रेझ्युमे दोनदा वाचला. दुसऱ्या औषध कंपनीत जायचं असतं तर मी म्हटलं असतं, एक काना-मात्राही बदलू नका. नेटका आहे, आकडे आहेत, एका पानात बसलाय. तोच तुम्ही प्राध्यापकांना पाठवलात, तिथे घोटाळा झाला. आणि मैत्रिणीचं ऐकून तो ताणून चार पानांचा केलात तर चौपट घोटाळा होईल.

रेझ्युमे वाचणाऱ्याच्या टेबलावर जागेची जाहिरात असते. त्यात मागितलेल्या गोष्टी तुमच्याकडे आहेत का, हे तो अर्ध्या मिनिटात जुळवून बघतो. प्राध्यापकाच्या टेबलावर असली जुळवाजुळव नसते. त्याला चार-पाच वर्षं एका माणसाबरोबर काढायची असतात, आणि उत्तर त्याला स्वतःलाही माहीत नसलेला प्रश्न त्या माणसाच्या हाती द्यायचा असतो. म्हणून तो प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारतो: हे नक्की काय होतं, यातलं हिनं स्वतः काय केलं, आणि खरं आहे हे मी कुठे बघू? या तीन प्रश्नांना ज्या ओळी उत्तर देतात त्या सीव्हीत राहतात. पानं किती होतात ते मग आपोआप ठरतं. तुमची दोन होतील, आणि तेवढी पुरेत.

आता तुमच्या रेझ्युमेतली ही एकच ओळ घ्या: ‘अहवालाचा टर्नअराउंड टाइम २२ टक्क्यांनी कमी केला.’ एचआरला ही ओळ बघून आनंद होतो. प्राध्यापकाला तिचं काय करावं तेच कळत नाही, कारण बावीस टक्के कशामुळे, ते तिच्यात नाही. दोन माणसं जास्त घेतली म्हणून की रविवारीही प्रयोगशाळा चालू ठेवली म्हणून? मी तुम्हाला मेलवर विचारलं तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते वाचून मी कपाळावर हात मारला. असली गोष्ट दडवून ठेवतात का कुणी!

तुम्ही सांगितलंत ते असं. औषधातल्या अशुद्धी मोजायच्या एका पद्धतीत एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाची, एक धाव ४२ मिनिटांची होती. तुम्ही २५० मिलिमीटरचा, पाच मायक्रॉन कणांचा कॉलम बदलून १०० मिलिमीटरचा, दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा घेतलात. धाव १८ मिनिटांवर आली, पण दोन जवळजवळच्या अशुद्धींची शिखरं एकमेकांत घुसली आणि रेझोल्यूशन १.२ वर आलं. दीडच्या खाली गेलं की शिखरं पायापर्यंत सुटी होत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग तुम्ही दोन्ही अशुद्धींची रचना कागदावर काढून बघितलीत. त्यातली एक कार्बोक्झिलिक आम्ल निघाली, पीकेए चारच्या आसपास. म्हणजे बफरचा सामू बदलला की तिचं शिखर हलणार, दुसरीचं हलणार नाही. सामू ३.० वरून ३.८ वर नेलात आणि रेझोल्यूशन १.८ झालं.

हे संशोधन आहे. अडचण आली, रचनेवरून अंदाज बांधला, एकच गोष्ट बदलली, अंदाज खरा ठरला. सीव्हीत हे तीन ओळींत येईल: ‘जवळजवळ बाहेर पडणाऱ्या दोन अशुद्धींसाठीची पद्धत बारीक कणांच्या कॉलमवर नेली (४२ वरून १८ मिनिटं). आम्लधर्मी अशुद्धीचं आयनीकरण लक्षात घेऊन बफरचा सामू बदलला आणि रेझोल्यूशन १.२ वरून १.८ केलं. पद्धतीचं व्हॅलिडेशन आयसीएच क्यू२ नुसार, प्रोटोकॉल स्वतः लिहिला.’ अर्थात हे तुम्ही इंग्रजीत लिहाल. बावीस टक्के गाळून टाका, कोणी विचारणार नाही.

औषधाचं नाव मात्र घालू नका. बॅच नंबर नको, क्रोमॅटोग्राम तर मुळीच नको. तुम्ही कंपनीशी गोपनीयतेचा करार केलाय. शिवाय आज कंपनीची गुपितं सांगणारी उद्या माझ्या लॅबची सांगेल, हे वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. ‘एक लघुरेणू औषध’ एवढं म्हटलं तरी रसायनशास्त्राला काही कमी पडत नाही.

पण नोकरीचा हा भाग सीव्हीत नंतर येईल. त्याआधी शिक्षण, आणि शिक्षणाच्या लगेच खाली एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. तुमच्या रेझ्युमेत तो तळाशी, एका ओळीत आहे: ‘प्रोजेक्ट: सुधारित इलेक्ट्रोडने जड धातूंचा शोध (ओ ग्रेड).’ सबंध सीव्हीत सगळ्यात जास्त जागा ज्याला द्यायची ते तुम्ही तळघरात ठेवलंय! ओ ग्रेड काय, वर्गातल्या निम्म्या मुलांना मिळते. तुम्ही मेलवर पाठवलेल्या प्रबंधावरून मी ही नोंद अशी लिहीन.

आधी शीर्षक, संस्था, गाईडचं नाव आणि महिन्यांसकट काळ. मग प्रश्न, एका वाक्यात: पारा न वापरता पिण्याच्या पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम स्वस्तात मोजता येईल का? मग तुम्ही हातांनी काय केलंत: कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड बनवले, त्यांवर बिस्मथचा थर दिला, स्क्वेअर वेव्ह स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री केली, धातू बसवण्याचा विभव आणि वेळ ठरवली. मग काय निघालं: शिशाची शोधमर्यादा लिटरला १.८ मायक्रोग्रॅम. याच्या शेजारी आणखी एक अर्धं वाक्य घाला, की भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. त्या अर्ध्या वाक्यानं तुमच्या १.८ ला अर्थ येतो. नाहीतर तो नुसता आकडा.

आणि मग तांब्याची ओळ. तुमच्या प्रबंधाच्या पान ४१ वर लिहिलंय, की बोअरवेलच्या दोन नमुन्यांत तांबं जास्त होतं आणि त्यात शिशाचं शिखर निम्म्यावर आलं. फेरोसायनाइड घालून तांबं झाकायचा प्रयत्न केला, थोडंच जमलं, आणि सत्र संपलं. हे तुम्ही रेझ्युमेत घातलं नाहीत ते बरोबरच होतं. रेझ्युमेत अपयश लिहायची पद्धत नाही. सीव्हीत मात्र लिहा: ‘तांब्यामुळे होणारा अडथळा अंशतःच दूर करता आला.’ बिस्मथच्या थरावर तांबं त्रास देतं हे या विषयातला प्रत्येक जण जाणतो. नोंदीत तांब्याचं नावच नसेल तर त्याला दोनच शक्यता दिसतात: एक तर खरे नमुने तपासलेच नाहीत, नाहीतर तपासले पण लक्षात आलं नाही. दोन्ही वाईट. ती एक ओळ दिसली की तो मुलाखतीत तिच्यावरच बोलेल, आणि तिथे तुम्हाला बोलायला भरपूर आहे.

त्याच नोंदीत आणखी एक दुरुस्ती. ‘आयसीपी-एमएसने पडताळणी केली’ असं तुम्ही लिहिलंय. केली कुणी? प्रबंधाच्या आभारात दिसतंय, की नमुने दुसऱ्या संस्थेच्या उपकरण केंद्रात पाठवले आणि मोजणी तिथल्या तंत्रज्ञांनी केली. मग तसंच लिहा: ‘पडताळणी आयसीपी-एमएसने, बाहेरच्या केंद्रात.’ त्यानं कमीपणा येत नाही.

हे मी पोटतिडकीनं सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या सीव्हीत कौशल्यांच्या यादीत मी ‘एएफएम’ लिहिलं होतं, म्हणजे अतिबारीक टोक पृष्ठभागावर फिरवून चित्र घेणारा सूक्ष्मदर्शक. खरं तर मी ऑपरेटरच्या शेजारी दोन दुपारी बसले होते, इतकंच. मुलाखतीत एका वयस्कर सरांनी अगदी सौम्यपणे विचारलं, ‘तुमचे कण खरंच तसे होते की टोक बोथट झालं होतं, हे कसं ओळखलंत?’ मला टोक बोथट होतं हेच माहीत नव्हतं. बोथट टोकानं घेतलेल्या चित्रात सगळे कण एकाच घडणीचे आणि एकाच बाजूला झुकलेले दिसतात, कारण खरं चित्र त्या टोकाचंच येत असतं. हे मला नंतर कळलं. आणि घरी जाऊन माझी चित्रं बघितली तर ती तशीच होती! ती जागा गेली.

तेव्हा तुमची चौदा उपकरणांची सलग यादी मोडा आणि तीन ओळी करा. पहिलीत जी उपकरणं तुम्ही एकटीनं चालवता आणि बिघडली तर निदान काय बिघडलंय ते सांगू शकता: एचपीएलसी, यूएचपीएलसी, पोटेंशियोस्टॅट. दुसरीत कुणाच्या देखरेखीखाली वापरलेली. तिसरीत ज्यांवर नमुने पाठवले आणि आलेली माहिती स्वतः वाचली, ती. ‘एमएस ऑफिस’ काढून टाका. सॉफ्टवेअरमध्ये ओरिजिन ठेवा. पायथन ठेवायचं असेल तर त्यात काय केलंत तेही लिहा, नाहीतर तेही काढा.

आता पेपर. इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात.

पैसे भरले म्हणजे पेपर वाईट, असं नाही. ओपन अॅक्सेसची फी चांगली नियतकालिकंही घेतात. बघायचं ते हे, की परीक्षकांचे शेरे आले होते का. तुम्ही कळवलंत, की चार दिवसांत ‘स्वीकारला’ असं पत्र आलं आणि त्याच मेलमध्ये बँकेचा खाते क्रमांक होता. म्हणजे तो पेपर कुणी वाचलेलाच नाही. असली नियतकालिकं आपल्याकडे किती बोकाळली होती ते २०१८ साली पुणे विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं. यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि इतरत्र कुठे नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे समितीवर बसलेल्यांना ही नावं नवी नाहीत. नाव दिसलं की त्यांची नजर आधी तिथे जाते, आणि मग वरच्या सगळ्या चांगल्या ओळीही त्याच नजरेनं वाचल्या जातात.

माझा सल्ला: तो पेपर सीव्हीतून वगळा. त्यातलं काम प्रोजेक्टच्या नोंदीत आलेलंच आहे. पण एखाद्या अर्जात ‘आजवरची सर्व प्रकाशनं’ असा रकाना असेल तर तिथे तो लिहायलाच हवा, लपवायचा नाही. मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगा, की तेव्हा कळत नव्हतं. एम.एस्सी.च्या मुलीनं असं म्हटलं तर कुणी वाईट मानत नाही. यातली बहुतेक फी गाईडच्या किंवा कॉलेजच्या गुण मोजण्याच्या हट्टापायी भरलेली असते, हे समितीवरच्या लोकांना ठाऊक असतं.

दुसरा पेपर ‘लिहून झालाय’ असं तुम्ही म्हणता. म्हणजे अजून कुठे पाठवलेला नाही. तर त्याला ‘परीक्षणाधीन’ म्हणू नका. परीक्षणाधीन म्हणजे नियतकालिकाकडे पोचलेला, ज्याला हस्तलिखित क्रमांक मिळालाय असा. काही प्राध्यापक तो क्रमांक मागतात. ‘स्वीकृत’ म्हणजे संपादकाचं पत्र हातात. ‘तयारी चालू’ या शब्दांना तर काही वजनच नाही, कारण ते कुणीही कशाबद्दलही म्हणू शकतं, आणि असे चार पेपर तयारीत असलेले सीव्ही मी पाहिलेत. त्यापेक्षा सरांना विचारा, की नियतकालिकाकडे पाठवतानाच तो केमआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीचा खुला मसुदा, म्हणून टाकायचा का. ज्या नियतकालिकाला पाठवणार त्याला प्रीप्रिंट चालतो का ते आधी बघा. प्रीप्रिंटला डीओआय मिळतो. मग वाचणारा एका क्लिकवर तुमचा पेपर उघडतो आणि तुम्हाला कुठलंही विशेषण लावावं लागत नाही.

नोंद करताना सगळ्या लेखकांची नावं छापलेल्या क्रमानंच लिहा आणि स्वतःचं नाव ठळक करा. स्वतःला पुढे आणू नका, आणि बाकीच्यांना ‘इत्यादी’त ढकलू नका. तुमच्या विषयात पहिलं नाव बहुधा हातानं काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं. क्रम पाहूनच वाचणारा निम्मं समजून जातो. इम्पॅक्ट फॅक्टर शेजारी लिहायची आपल्याकडे फार हौस. ती सोडा. तो आकडा नियतकालिकाचा असतो, तुमच्या लेखाचा नव्हे. जर्मनीत तर अशा आकड्यांवरून माणूस जोखू नये, यावर बराच जोर देतात.

शिक्षणाच्या नोंदीत सीजीपीए लिहाल तेव्हा ‘८.१, १० पैकी’ असं पूर्ण लिहा. जर्मन पद्धतीत स्वतः रूपांतर करू नका. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम. त्यांच्या नेहमीच्या सूत्रानं, किमान उत्तीर्ण ४ धरून, तुमचे ८.१ म्हणजे सुमारे १.९५ होतात. ते हिशेब तिकडची संस्था तिच्या पद्धतीनं करते. आणि हाच सीव्ही तुम्ही पुण्यात दिलात आणि त्यात १.९५ दिसलं, तर वाचणारा घाबरेल. नेट किंवा गेट झाली असेल तर वर्ष आणि क्रमांकासह इथेच लिहा. इथल्या संस्थांत पुष्कळदा फेलोशिप कुठून येणार हाच पहिला प्रश्न असतो, त्यामुळे ती ओळ वरच दिसलेली बरी.

काढायचं काय, ते पटकन सांगते. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद. ‘टीम प्लेयर’, ‘डायनॅमिक’. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद. फोटो. जर्मनीत फोटो लावायची जुनी रीत आहे, पण सक्ती नाही. आणि तळाची ती ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे’ ही सही-ठिकाण-दिनांकाची घोषणा. सरकारी संस्थांना जन्मतारीख, प्रवर्ग वगैरे लागतं, पण त्यासाठी त्यांचा वेगळा छापील अर्ज असतो. सीव्हीत नको. कुठे ठरावीक नमुना दिला असेल तर अर्थातच तोच भरा. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी तर यादीऐवजी कामाबद्दल परिच्छेद लिहून मागतात. पण तुमच्या यादीतल्या कुणीही तसं मागितलेलं नाही.

शेवटचा भाग संदर्भ देणाऱ्यांचा. ‘मागितल्यास देऊ’ हे कंपनीत चालतं. इथे दोन-तीन नावं, हुद्दा, संस्थेचा ईमेल आणि तुमच्याशी नातं काय ते लिहायचं: ‘एम.एस्सी. प्रबंधाचे गाईड, २०२०–२१.’ कॉलेजचे प्राचार्य घालू नका, मोठं नाव असलं तरी. त्यांनी तुम्हाला इलेक्ट्रोड घासताना पाहिलेलं नाही. एडीएलच्या तुमच्या मॅनेजरना तुम्ही सोडणार हे माहीत नाही, म्हणालात. मग त्यांचं नाव अजून नको, कारण प्राध्यापक खरंच मेल करतात, आणि बातमी तुमच्याआधी पोचेल. तो कॉलमचा प्रयोग चालू असताना जे सीनियर तुमच्याबरोबर होते आणि आता दुसरीकडे गेलेत, त्यांना विचारा. विचारल्याशिवाय कुणाचंच नाव घालू नका, आणि विचारताना नवा सीव्हीही पाठवा, म्हणजे त्यांच्या पत्रात आणि तुमच्या नोंदीत एकच गोष्ट येईल.

फाइलला तुमचं आडनाव द्या. `resume_final_new2.pdf` ही माझ्याकडे आली आणि दोन वेळा हरवली. आणि ज्या एका प्राध्यापकांनी उत्तर दिलंय त्यांना उशीर करू नका. दोन पानं या शनिवार-रविवारी होतील. सोमवारी सकाळी आधी गाईड सरांना दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा: तांब्याची ओळ त्यांना मान्य आहे का, आणि प्रीप्रिंट टाकायला त्यांची हरकत आहे का. दुसऱ्या प्रश्नाला ‘विचार करतो’ असं उत्तर आलं तर थांबू नका, पेपरची ओळ न घालता सीव्ही त्याच दिवशी पाठवून द्या.